सप्तपदी झाली नाही म्हणून लग्नच नाही? फेरफारावर हरकत आली आहे, सल्ला हवा

पैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मावसबहिणीचा आहे. लग्न 2019 च्या मे महिन्यात, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावीच झालं. मागच्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून भाऊजी गेले. मूलबाळ नाही. घरात सासू आणि मोठा दीर. वाटणी आधीच झालेली असल्यामुळे चार एकर शेत भाऊजींच्या एकट्याच्या नावावर होतं.

ताईनं वारस नोंदीचा अर्ज दिला. पटवाऱ्यानं फेरफार धरला, नोटीस काढली, तर दिरानं लेखी हरकत दिली. हरकतीत लिहिलंय की "सदर महिलेचा मयताशी विधिवत विवाह झालेला नाही, होम व सप्तपदी झालेली नाही, सबब ती वारस नाही." पाच वर्षं जिला वहिनी म्हणून हाक मारली तिच्याबद्दल हे लिहिलं!

आता खरं सांगतो. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, हार घातले, मंगळसूत्र घातलं, हे सगळं व्हिडिओत आहे. होमाचं व्हिडिओत काहीच नाही. मी स्वतः पंगतीत वाढत होतो, त्यामुळे मांडवात मागून काय झालं ते मला माहीत नाही. ताई म्हणते, "भटजींनी विस्तवासमोर बसवलं होतं, तांदळावर पाय ठेवायला लावले होते, पण किती ते आठवत नाही." भटजी वारले. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद तेव्हा कोणी केलीच नाही.

ताई वारस ठरेल की नाही?

काळीमाती

सप्तपदी नसेल तर कठीण आहे. सुप्रीम कोर्टानं 2024 मध्येच स्पष्ट सांगितलं की नाचगाणं, जेवणावळी म्हणजे लग्न नव्हे, विधी झाले नसतील तर सर्टिफिकेट असूनही लग्न नाही. मी तो निकाल व्हॉट्सॲपवर वाचला आहे. दिराच्या वकिलानं तोच लावला असेल.

वऱ्हाडी_पाटील

अरे बाप्पा, मंग आमच्या गावातले अर्धे लोक बिनलग्नाचेच निघतीन! आमच्याकडं मंगलाष्टकं झाली का लग्न लागलं. मंगलाष्टकं बी भटजी नाही, शाळेतले गुरुजी माईकवर म्हंतात. होम कोण पाह्यते? सारे पंगतीत.

तालुका_बार

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. काळीमाती यांनी निकाल बरोबर सांगितला, पण तो इथे लागत नाही. का लागत नाही तेच आधी पाहू.

त्या केसमध्ये दोघंही वैमानिक होते. विधी काहीच न करता त्यांनी एका संस्थेकडून विवाहाचं प्रमाणपत्र घेतलं आणि त्यावरून नोंदणीही केली. खरा सोहळा पुढच्या वर्षी ठरला होता. तो होण्याआधीच बिनसलं. कोर्टात दोघंही एकमुखानं म्हणाले की विधी झालेच नाहीत. म्हणजे वाद नव्हताच, आणि मांडवही पडला नव्हता. तुमच्या ताईच्या बाबतीत मांडव पडला, गावजेवण झालं, पाच वर्षं संसार झाला, आणि नाकारणारा नवरा नाही, जमिनीवर डोळा असलेला तिसरा माणूस आहे. हा फरक फार मोठा आहे.

आता कायदा. हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 म्हणतं की लग्न दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लावता येतं. त्या रूढीत सप्तपदी *असेल*, तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. प्रत्येक हिंदू लग्नात सप्तपदी हवीच असं कलमात लिहिलेलं नाही. दिराच्या हरकतीत "आमच्या समाजाच्या रूढीत सप्तपदी आवश्यक आहे" असं एक तरी वाक्य आहे का? ते बघून सांगा.

पैनगंगाकाठ

नाही साहेब. सप्तपदी झाली नाही एवढंच आहे. मग आम्ही सरळ म्हणावं का, की आमच्यात सप्तपदी लागतच नाही?

तालुका_बार

घाई करू नका. रूढी आहे असं जो म्हणतो त्यालाच ती सिद्ध करावी लागते. जुनी, सलग आणि समाजात एकसारखी पाळली जाणारी, असं सगळं दाखवावं लागतं. आपल्याच महाराष्ट्रातलं भाऊराव लोखंडे प्रकरण याचं उदाहरण आहे. 1962 मधलं गांधर्व पद्धतीचं लग्न. हार घातले, मुलीच्या मामानं दोघांचं कपाळ कपाळाला टेकवलं, होम नाही, सप्तपदी नाही. समाजात आता असंच चालतं, असं सांगितलं गेलं. पण हा बदल अलीकडच्या काही वर्षांतला असल्याचं साक्षीतून आलं, म्हणून 1965 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रूढी मानली नाही.

तुम्ही "आमच्यात लागत नाही" म्हणालात आणि दिरानं त्याच समाजातल्या लग्नांचे होमाचे फोटो आणून ठेवले, तर तोंडघशी पडाल. शिवाय ताई स्वतः म्हणते की तांदळावर पाय ठेवले. मग आमच्यात नसतं असं म्हणायचं कशाला?

सोयाबीनवाली

भाऊराव लोखंडे हे नाव मी आयुष्यभर विसरणार नाही. माझ्या नवऱ्यानं मी नांदत असताना एका देवळात दुसरं लग्न केलं. मी फौजदारी केली. फोटो होते, हार होते, देवळातले साक्षीदार होते. आरोपीच्या वकिलानं माझ्या साक्षीदाराला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली: अग्नी होता का, पावलं किती पडली, कोणत्या बाजूनं पडली. तो बिचारा म्हणाला, "सात फेरे झाले." वकील म्हणाला, फेरे वेगळे, सप्तपदी वेगळी. नवरा सुटला. आणि आता पैनगंगाकाठ यांच्या ताईला तुम्ही सांगता की सप्तपदीचा इतका बाऊ नाही. एकच कायदा, मग मला वेगळा न्याय का?

आर्णी_रोड

ताई, वाचून वाईट वाटलं. असंच प्रकरण माझ्या आत्याच्या घरी झालं होतं.

तालुका_बार

सोयाबीनवाली ताई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर ऐकायला कडू आहे. फौजदारीत नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं असतं, म्हणून दुसरं लग्न संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. तिथं लोक नवरा-बायको म्हणायचे एवढ्यावर भागत नाही. आरोपीनं स्वतः "हो, लग्न केलं" म्हटलं तरी केवळ तेवढं पुरत नाही. लोखंडे प्रकरणातही आरोपी सुटलेच. पूर्वीचं भादंविचं कलम 494, आता न्याय संहितेतलं 82, तिथं आजही हीच अट आहे.

दिवाणीत आणि पोटगीत वजनकाटा वेगळा. लग्नाचा समारंभ झाला एवढं एकदा दिसलं, की लागणारे विधी झाले असतील असं कोर्ट गृहीत धरतं आणि झाले नाहीत हे दाखवायचं ओझं नाकारणाऱ्यावर जातं. हे तत्त्व 1911 च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून चालत आलं आहे. 1978 च्या बद्री प्रसाद प्रकरणात तर जमिनीचाच वाद होता. जोडपं पन्नास वर्षं नवरा-बायको म्हणून राहिलं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, अर्ध्या शतकानंतर लग्नाचे साक्षीदार आणि भटजी कुठून आणायचे? तुमच्या पोटगीचं काय झालं?

सोयाबीनवाली

पोटगी मिळाली. मी पहिली, माझं लग्न कोणी नाकारलंच नाही. पण तो आजही तिच्याबरोबर राजरोस राहतो, आणि "कोर्टानं मला सोडलं" असं चारचौघांत सांगतो.

काळीमाती

म्हणजे जो मुद्दाम अर्धवट विधी करेल तो सुटणार? हा कायदा द्विभार्या करणाऱ्याला वाटच दाखवतो. बदलायला हवा.

तालुका_बार

बदलावा असं मलाही वाटतं. पण उलट बाजूही बघा. देवळात नुसता हार घातल्यावर लग्न झालं असं मानलं, तर फोटो दाखवून पोरींना अडकवणारे कमी नाहीत. बारमध्ये यावर आमचं एकमत होत नाही.

पळस_फुले

मी पौरोहित्य करतो, वर्ध्याकडे. विधीचं सांगतो, कारण इथे फेरे आणि सप्तपदी यांची गल्लत झाली आहे आणि ती कोर्टातही होते.

आपल्याकडे होम पेटल्यावर लाह्यांची आहुती देतात आणि अग्नीभोवती फिरतात, ते फेरे. सप्तपदी त्यानंतर. अग्नीच्या उत्तरेला तांदळाच्या सात छोट्या राशी एका ओळीत मांडतात, वधू प्रत्येक राशीवर उजवा पाय ठेवत पुढे जाते, वर तिचा हात धरून सोबत चालतो. पहिल्याला "इष एकपदी भव", मग ऊर्जे, रायस्पोषाय असं करत शेवटी "सखा सप्तपदी भव". नागपूर, गोंदिया बाजूच्या हिंदीभाषक घरांत सात फेऱ्यांनाच मान असतो, तिथं तेच रूढीचं. सोयाबीनवाली ताईंच्या साक्षीदारानं कदाचित पाहिलेलं खरंच सांगितलं असेल.

आता व्हिडिओचं. नवरदेवाची वरात दोन-दोन तास नाचते, मुहूर्त टळायला येतो, म्हणून आधी अंतरपाट धरून मंगलाष्टकं उरकतात. पंगती बसतात. होम त्यानंतर, घरच्या चार माणसांत. त्या वेळी कॅमेरावाला जेवत असतो, लाईट उतरवलेले असतात. माझ्या हातून लागलेल्या कितीतरी लग्नांत सप्तपदी व्हिडिओत नाही, पण मी ती केली आहे. व्हिडिओत नाही म्हणजे झाली नाही असं म्हणणं आम्हाला मान्य नाही. ताईंना तांदळावर पाय ठेवल्याचं आठवतंय, ती सप्तपदीच. दुसऱ्या कोणत्या विधीत वधू ओळीनं तांदळावर चालत नाही.

पैनगंगाकाठ

पळस_फुले, हे फार उपयोगी पडलं. पण एक अडचण सांगतो. आम्ही ज्यांना विचारलं त्या एका वकिलानं सांगितलं, "चार जण उभे करा, म्हणू द्या की सात पावलं डोळ्यांनी मोजली." मावशी तयार आहेत, मला ते पटत नाही.

वऱ्हाडी_पाटील

म्हणू द्या ना! कोण तपासते? सामनेवाला खोटं बोलून राह्यला, आपण काऊन मागं राहाव?

तालुका_बार

पाटील, उलटतपासणी बघितलीय का कधी? मावशी म्हणणार, मोजली. वकील विचारणार, तुम्ही कुठे उभ्या होत्या? होम तुळशीजवळ होता की मांडवात? पंगत कोण वाढत होतं? कोणत्या रंगाचा शालू? दुसऱ्या साक्षीदाराला तेच. चौघांची चार उत्तरं आली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. ताईनं जे आठवतं तेच सांगावं: विस्तवासमोर बसले, तांदळावर पाय ठेवला, मोजले नाहीत. नवी नवरी पावलं मोजत नाही, हे न्यायाधीशालाही कळतं. मोजली म्हणणाऱ्या मावशीपेक्षा न मोजल्याचं सांगणाऱ्या ताईवर भरवसा जास्त बसेल.

आणि मूळ व्हिडिओ शोधा. तुमच्याकडे एडिट केलेली सीडी असेल. फोटोग्राफरच्या हार्डडिस्कवर कच्चं चित्रण अजून असू शकतं. मिळालं तर त्याच्याकडून इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही घ्यावं लागेल.

मेंढा_गोंडी

मधेच विचारतो. आम्ही गोंड, आमच्याकडे सप्तपदी नाहीच. मग आमची लग्नं या कायद्यात बेकायदा ठरतात का? मुलीच्या सासरचे असं काही म्हणतील म्हणून भीती वाटते.

तालुका_बार

नाही. केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागूच होत नाही. तुमचं लग्न तुमच्या रूढीवर टिकतं. पण वाद झाला तर तीच रूढी सांगणारी जाणती माणसं लागतील. आजच नोंद करून ठेवा, लग्नाचे फोटो, पाहुणे, पंच कोण होते ते.

आर्णी_रोड

आणि बौद्ध विवाह? त्रिशरण-पंचशील घेऊन होतात, अग्नी नाही.

पळस_फुले

विदर्भात साठ-सत्तर वर्षं त्याच पद्धतीनं लग्नं लागत आहेत. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, पण त्यांच्या रीतीत सप्तपदी नाही, म्हणून त्यांना ती कोण मागणार?

तालुका_बार

बरोबर, कलम 7 चा शब्द "रूढी" असाच आहे.

नवीनसून_2025

माझं लग्न डिसेंबरमध्ये आहे. कोर्ट मॅरेज केलं तर हे सगळं टळेल ना? पण नोटीस महिनाभर लावतात म्हणे, घरच्यांना कळेल.

तालुका_बार

तुम्ही विशेष विवाह कायद्याबद्दल म्हणताय, तिथं तीस दिवसांची नोटीस असते आणि विधी लागत नाहीत. तो विषय वेगळा, नवा धागा काढा. पण घरी विधीनं लग्न करणार असाल तर एवढं करा: नव्वद दिवसांच्या आत ग्रामसेवकाकडे नोंदणीचा अर्ज द्या, साक्षीदार आणि भटजींच्या सह्या घ्या. नोंदणीनं लग्न तयार होत नाही, झालेल्या लग्नाचा पुरावा तयार होतो. आणि नोंद केली नाही म्हणून झालेलं लग्न रद्दही होत नाही, त्यामुळे पैनगंगाकाठ, तुमच्याकडे नोंद नाही ही कमजोरी आहे, पण घातक नाही.

पैनगंगाकाठ

मग आता आमच्याकडे पुरावा काय काय असावा? रेशनकार्डावर ताईचं नाव पत्नी म्हणून आहे. लग्नपत्रिका आहे. 2021 मध्ये ताई गरोदर होती, ते टिकलं नाही, पण उपकेंद्रातल्या कार्डावर पतीचं नाव आहे.

तालुका_बार

चांगला पुरावा आहे, विशेषतः ते कार्ड, कारण ते वादाच्या खूप आधीचं आहे. आता सगळ्यात महत्त्वाचं विचारतो. शॉक लागून मृत्यू झाला म्हणजे पोलिसांनी मर्ग दाखल केला असणार. खबर कोणी दिली?

पैनगंगाकाठ

दिरानंच. तोच पोलीस ठाण्यात गेला होता.

तालुका_बार

मग त्या मर्गची खबर आणि इन्क्वेस्ट पंचनाम्याची प्रमाणित प्रत आजच मागा. अशा खबरीत साधारण "मयत हा माझा लहान भाऊ, त्याची पत्नी, आई व मी असे राहतो" असं लिहिलेलं असतं आणि खाली खबर देणाऱ्याची सही. तसं असेल तर दिरानं स्वतःच्या सहीनं, हरकत घेण्याच्या कितीतरी आधी, तिला भावाची पत्नी म्हटलेलं आहे. ते वाचून दाखवलं की सप्तपदीचा आक्षेप मागाहून सुचलेला आहे हे उघड होतं. फौजदारी द्विभार्या प्रकरणात अशी कबुली पुरली नसती. वारसाच्या वादात तिचं वजन मोठं आहे.

शेतकरी अपघाताच्या 2 लाखांच्या सानुग्रह अनुदानाचा अर्ज केला होता का? त्यात वारस म्हणून कोणाचं नाव घातलं, तेही बघा. तलाठ्याचा अहवाल त्याच फाइलमध्ये असतो.

काळीमाती

पण मंडळ अधिकारीच निर्णय देणार ना? त्याला हे प्रिव्ही कौन्सिल वगैरे कळणार का?

तालुका_बार

हरकत आल्यामुळे नोंद तक्रार नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतो, हे खरं. पण लग्न वैध की अवैध हे ठरवायचा अधिकार महसूल खात्याला नाही. तो कागद पाहून नोंद मंजूर किंवा नामंजूर करेल. विरोधात गेलं तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. तिथंही दीर अडून बसला तर दिवाणी न्यायालयात ताई मयताची पत्नी व वारस आहे असं जाहीर करून मागायचं. ते लांबतं. मधल्या काळात शेत कोण कसतं यावर ताईनं आत्ताच लक्ष ठेवावं, पीक पाहणीत नाव कोणाचं लागतंय ते बघावं.

आर्णी_रोड

एक कळलं नाही. दिराला काय मिळणार यातून? भावाचा वारस तोच का?

तालुका_बार

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता. मूल नसलेल्या माणसाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे विधवा आणि आई. दोघींना सारखा हिस्सा. म्हणजे चार एकरांपैकी दोन ताईला, दोन सासूला. दिराला आज काहीच नाही. ताईला बाजूला काढलं तर चारही एकर आईच्या नावावर जातात, आणि आईकडून पुढे दिराकडे. म्हणून हरकत दिरानं दिली. तिच्यावर सासूची सही आहे का?

पैनगंगाकाठ

नाही! आत्ताच परत वाचली, फक्त दिराची सही. सासूबाई अजून ताईला "माही सून" म्हणतात, मध्यंतरी आजारी होत्या तेव्हा ताईच त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेली होती.

सोयाबीनवाली

मग त्यांच्याकडे आधी जा. त्यांना कोणी सांगितलंच नसेल की त्यांचा दोन एकरांचा हिस्सा असाही पक्का आहे. त्यांनी मंडळ अधिकाऱ्यापुढे एवढंच सांगितलं की ही माझी सून, माझ्यासमोर मांडवात लग्न लागलं, तर दिराच्या हरकतीत उरतं काय?

वऱ्हाडी_पाटील

हाव, बुढीले पटवा भाऊ. पण लेकाच्या घरी राह्यते ना ते, दडपण असन तिच्यावर.

तालुका_बार

असू शकतं, म्हणून जबरदस्ती करू नका, आणि काय बोलावं ते पढवू नका. तिनं होम पाहिला असेल तर तेही तिलाच सांगू द्या. त्या दिवशी मांडवात घरची जी चार माणसं होती, त्यातली एक तीच. अर्ज ग्रामपंचायतीच्या कागदावर लिहून घेऊ नका, सुनावणीतच तिचा जबाब नोंदवायला सांगा.

पैनगंगाकाठ

सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे. उद्या पोलीस ठाण्यात मर्गच्या प्रतीसाठी अर्ज देतो, आणि संध्याकाळी ताईला घेऊन सासूबाईंकडे जातो. फोटोग्राफर दिग्रसला असतो, त्याला फोन लागला नाही, गाडीनं जाऊन येतो.